दोन फायरवॉल, एक गेटवे आणि ते हजेरी मशीन: आठ महिन्यांनंतर

गेल्या महिन्यात मंगळवारी सकाळी वीज दोनदा आली-गेली आणि पहिल्या फायरवॉलचा एसएमपीएस जळाला. मला कळलं चहानंतर, तेही सर्व्हर रूममध्ये जळका वास आला म्हणून. ऑफिसात एकाचाही फोन नाही! व्हीआरआरपीवर, म्हणजे एक फायरवॉल पडली की दुसरीने गेटवेचा पत्ता आपोआप सांभाळायच्या पद्धतीवर, घालवलेल्या रविवारांचे पैसे तिथेच वसूल झाले.

आमची मांडणी काटकसरीची. जोडीने घ्यायच्या फायरवॉलचं कोटेशन बघून शेठनी कागद उलटा ठेवला होता. म्हणून दोन जुने डेस्कटॉप, जादा लॅन कार्डं, लिनक्स आणि व्हीआरआरपी चालवणारं keepalived. दोन्हींना इंटरनेटची लाइन वेगळी, पण सगळ्या पीसींचा गेटवे एकच: 192.168.10.1. हा पत्ता ज्याच्याकडे तो मास्टर. मास्टर दर सेकंदाला 'मी आहे' अशी हाक देतो. तीन हाका चुकल्या की दुसरा अजून थोडं थांबतो आणि पत्ता स्वतःकडे घेतो. त्याची प्रायॉरिटी 100 असल्याने हे सगळं साधारण 3.6 सेकंदांत होतं. लाइन बदलली की बाहेरचा आयपी बदलतो, त्यामुळे चालू व्हिडिओ कॉल तुटतो आणि परत जोडावा लागतो. तेवढं मला चालतं.

पण खरा छळ केला तो हजेरीच्या मशीनने.

पहिल्या महिन्यात रविवारी पहिला डबा बंद करून चाचणी घेतली. लॅपटॉप, प्रिंटर, फोन सगळं सुरळीत, म्हणून दुसऱ्यावरच ठेवून घरी गेलो. सोमवारी एचआरच्या मॅडम दारात उभ्या: "अहो, आज कुणीच कामावर आलेलं नाही म्हणे!" मशीन अंगठे घेत होतं, पण सर्व्हरला काही पोचत नव्हतं. बंद करून चालू केलं की ठीक. मी मशीनवाल्याला यथेच्छ शिव्या घातल्या. पुढच्या चाचणीत पुन्हा तेच झालं, तेव्हा दुसऱ्या डब्यावर हे चालवलं:

```
tcpdump -eni eth1 host 192.168.10.40
```

मशीनची पाकिटं दिसत होती, पण त्यांच्यावर पत्ता बंद पडलेल्या डब्याच्या मॅकचा. तो मॅक कोणत्या पोर्टवर आहे हे स्विचला माहीत नसल्याने तो ती सगळीकडे वाटत होता आणि उचलणारं कुणी नव्हतं. मास्टर बदलला की keepalived 'गेटवेचा मॅक आता हा' अशी एआरपीची दवंडी पिटतो. बाकी सगळ्यांनी ती ऐकली, मशीनने नाही.

इथे माझं मत फिरलं. मशीन बहिरं आहे खरं, पण व्हीआरआरपीच्या मूळ नियमात मॅक बदलणंच अपेक्षित नाही. गेटवेचा मॅकसुद्धा तरंगता असतो: 00:00:5e:00:01 आणि शेवटी ग्रुप नंबर. आमचा 51, म्हणजे शेवटी 33. keepalived मात्र सांगितल्याशिवाय तो वापरत नाही, कार्डाचाच मॅक देतो. एक ओळ घालावी लागते:

```
use_vmac
```

ती घातली आणि अख्ख्या ऑफिसचं नेट गेलं. कारण आता पाकिटं eth1 ऐवजी vrrp.51 नावाच्या नव्या इंटरफेसवरून आत येतात, आणि माझे nftables चे नियम eth1 वरच अडून बसलेले. नियमांत ते नाव घातलं आणि सुटलो. तेव्हापासून मशीनला मास्टर बदललेला कळतच नाही.

दुसरी गोष्ट थोडक्यात. व्हीआरआरपी फक्त 'शेजारी जिवंत आहे का' एवढंच बघतं. पावसात फायबर तुटली तेव्हा पहिला डबा ठणठणीत, हाका चालू आणि इंटरनेट बंद! म्हणून बाहेर पिंग करणारी track_script लावली. अपयश आलं की प्रायॉरिटी 60 ने कमी, असा weight ठेवला. पुन्हा फायबर तुटली आणि पत्ता हलेना. कारण मी nopreempt आधीच घातलेलं होतं: डबा रीबूट होऊन लाइन जोडायच्या आत पत्ता हिसकावून घ्यायचा, ते थांबवायला. पण nopreempt असलं की समोरच्याची प्रायॉरिटी कितीही घसरली तरी दुसरा पुढे येत नाही. weight काढून टाकला. आता पिंग सलग तीनदा चुकलं की पहिला थेट FAULT मध्ये जाऊन गप्प बसतो आणि दुसऱ्याला रान मोकळं होतं.

नऊशे रुपयांचा एसएमपीएस घालून पहिला डबा परत लावला त्याला तीन आठवडे झाले. nopreempt मुळे मास्टर अजून दुसराच आहे. मॅडमची हजेरी वेळेवर येतेय, म्हणून मीही हात लावलेला नाही.