कलरीमीटर आधी की पॅनेल आधी?

लॅपटॉपवर डिझाइनचे काम करणाऱ्यापुढे बहुधा दोन मार्ग असतात: हाती असलेल्या ४५ टक्के एनटीएससी पॅनेलसाठी कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारे उपकरण, विकत घेणे, किंवा तोच पैसा बाजूला ठेवून १०० टक्के एसआरजीबी दाखवणाऱ्या पॅनेलचा लॅपटॉप घेणे. एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांच्या व्याप्तीची दोन प्रमाणे आहेत. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे क्षेत्रफळाने साधारण पूर्ण एसआरजीबी; त्या हिशेबाने पहिले पॅनेल एसआरजीबीच्या सुमारे ६२ टक्क्यांवरच थांबते.

समजा, दोन्ही पॅनेलांचा पांढरा रंग निळसर, ७३०० केल्व्हिनच्या आसपास आहे आणि आपल्याला ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि १२० निट्स उजळपणा हवा आहे. स्क्रीन अर्धा तास तापू द्यावी, नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करावा, कलरीमीटर सपाट टेकेल इतपत झाकण मागे कलते करावे आणि मग DisplayCAL हा कॅलिब्रेशनचा प्रोग्रॅम चालवावा. लॅपटॉपला लाल, हिरव्या, निळ्याची वेगवेगळी बटणे नसतात. त्यामुळे निळा आणि थोडा हिरवा संकेत ग्राफिक्स कार्डातच कमी केला जातो. पांढरा त्यामुळे मंदावतो, काळा मात्र होता तेवढाच उजळ राहतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट घटतो, आणि करड्या ग्रेडियंटमध्ये कधी कधी पट्टे दिसू लागतात. ही किंमत दोन्हीकडे सारखीच मोजावी लागते, आणि करड्या छटांवरची निळी झाक जाते हा लाभही दोन्हीकडे मिळतो.

फरक पडतो तो भडक रंगांत. झेंडूच्या फुलांचे पोस्टर उघडले, तर #FF6600 च्या जवळपासच्या नारिंगी छटा चांगल्या पॅनेलवर पाकळी-पाकळीने वेगळ्या दिसतात. कमी रंग दाखवणाऱ्या पॅनेलवर मात्र त्यांतल्या बऱ्याच एकाच रंगावर येऊन थांबतात आणि फूल सपाट ठिगळासारखे दिसते. पॅनेलचा लालच मुळात फिका असेल, तर कलरीमीटर तो फिकेपणा अचूक मोजून देतो, पण भरून काढू शकत नाही.

येथेच अहवाल फसवतो. प्रोफाइल, म्हणजे पॅनेल रंग कसे दाखवते याची नोंद असलेली फाइल, बनवल्यावर घेतलेल्या पडताळणीत सरासरी डेल्टा ई, म्हणजे अपेक्षित आणि दिसणाऱ्या रंगांतला फरक, १ च्या आत आला, की पॅनेल अचूक झाल्याचा समज होतो. वास्तविक तो आकडा प्रोफाइल पॅनेलशी किती जुळते एवढेच सांगतो. मोजणीच्या अहवालात सिम्युलेशन प्रोफाइल म्हणून sRGB निवडून पुन्हा मोजावे, म्हणजे लाल-नारिंगी पट्ट्यांतली खरी तूट समोर येते.

त्यामुळे मांडणी, अक्षरे आणि सौम्य रंगांपुरते काम असेल, तर जुन्या पॅनेलवर कलरीमीटरचा खर्च सार्थ आहे, आणि तो पुढच्या लॅपटॉपलाही चालतो. ब्रँडचे रंग स्क्रीन पाहून ठरवायचे असतील, तर माझ्या मते पॅनेल आधी घ्यावे. पी३ या आणखी रुंद रंगव्याप्तीचे पॅनेल त्याहून जास्त रंग दाखवते, परंतु प्रोफाइल न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यावर साधा लालही भडक दिसतो. कलरीमीटर असो वा नसो, ती अडचण कायम राहते.