अर्थ लीकेज ब्रेकरसोबत एक पावसाळा: चार्जर पकडला आणि एसीची लाइनही

नेरूळला आमचा सिडकोच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मेन बॉक्समध्ये, फक्त एमसीबी होते, लोड वाढला की पडणारे. मे महिन्यात वायरमनकडून ४० अँपिअरचा, दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. आपल्याकडे सगळे ज्याला ईएलसीबी म्हणतात तोच. पावसाळा, गणपती आणि दिवाळी यातून गेल्यावर आता लिहितोय. वस्तू चांगली आहे, पण ती काय करते याबद्दल दुकानदारही गोलमाल सांगतात, म्हणून जरा सविस्तर.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाचा रोध साधारण २००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून ११५ मिलिअँपिअर जातील. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हे काहीच नाही, माणसाच्या दृष्टीने जीवघेणं आहे. आरसीसीबी वेगळंच बघतो: फेजमधून जेवढा करंट आत गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, माणसातून किंवा अर्थिंगमधून, जमिनीत जातोय. मग तो लाइन तोडतो. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद, १५० मिलिअँपिअरला ४०. म्हणजे झटका बसतोच, फक्त लांबत नाही.

आता चार्जर. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्या दरीवरून जाणारा एक छोटा कपॅसिटर, खास सुरक्षेसाठी बनवलेला. त्यातून अगदी थोडी गळती कायम असते, पाव मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी. फोनच्या धातूच्या कडेवर बोट फिरवलं की जी सुरसुर होते ती हीच. तिच्यावर ब्रेकर पडणार नाही आणि पडूही नये. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरात मात्र त्या जागी साधा कपॅसिटर घालतात, किंवा सर्किटवर दोन्ही बाजूंमधलं अंतरच पुरेसं नसतं. दमट हवेत तिथे काळी वाट तयार होते आणि फोनच्या अंगावर मेनचं व्होल्टेज येतं. चार्जर दोन पिनचा, अर्थची पिनच नाही, त्यामुळे करंटला जायला जागा नसते. दोष गुपचूप बसून राहतो, फोन छान चार्ज होत राहतो.

आमच्याकडे तो गणपतीत उघडा पडला. आरतीला फोन चार्जिंगला लावलेला, त्यातून ऑक्सची वायर अँप्लिफायरला. अँप्लिफायर तीन पिनचा, लोखंडी पेटीचा. वायर खोचली आणि ‘सुखकर्ता’ सुरू होण्याआधीच घरभर काळोख. काकांनी लगेच निकाल दिला, “नवीन ब्रेकरच नाजूक निघाला, काढून टाक.” लिव्हर वर केली, परत पडली. ऑक्सची वायर काढली, टिकली. दुसऱ्या चार्जरवर तोच फोन, तीच वायर, तोच अँप्लिफायर: टिकली. पहिला चार्जर परत लावला आणि लगेच गेली. म्हणजे बिघाड चार्जरमध्ये, आणि अँप्लिफायरच्या अर्थिंगने त्याला जमिनीची वाट दिली होती. ती वाट अँप्लिफायरऐवजी बाल्कनीत ओल्या पायांनी उभं असलेलं कुणीही देऊ शकलं असतं.

वायरमनने नंतर चार्जर प्लगमधून काढून मल्टिमीटर लावला: एक टोक प्लगच्या पिनला, दुसरं यूएसबीच्या धातूच्या कडेला, मग टोकं उलटी करून. मीटरवर काहीच आकडा यायला नको होता, इथे आला. हे घरीही करता येतं, पण एक लक्षात ठेवा: आकडा आला तर चार्जर बाद, नाही आला म्हणून तो चांगलाच असं नाही. मीटर थोड्या व्होल्टवर मोजतो, दोष २३० व्होल्टला दिसतो.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट मी हट्टाने केली, टाइप ए घेतला. चार्जर आत आल्याआल्या एसी करंटचं डीसी करतो, त्यामुळे त्याच्या पुढच्या भागातली गळती अर्ध्याअर्ध्या लाटांनी येते. टाइप एसीचा ब्रेकर अशा लाटांवर पडेलच याची खात्री नाही, टाइप ए पडतो. ओळख ब्रेकरच्या तोंडावर: चौकोनात फक्त साइन लाट असेल तर एसी, तिच्याखाली अर्ध्या लाटांची दुसरी ओळ असेल तर ए. शेजारी IΔn 0.03A, म्हणजे ३० मिलिअँपिअर, दिसलं पाहिजे. 0.1A किंवा 0.3A वाला माणसासाठी नाही.

चाचणीबद्दल. ब्रेकरवर टी लिहिलेलं बटण असतं. लाइट चालू असताना ते क्षणभर दाबायचं. खटका त्याच क्षणी पडला पाहिजे. आत एक रेझिस्टर मुद्दाम थोडा करंट मोजणीला बगल देऊन पाठवतो, म्हणजे खोटी गळती. मी साधारण महिन्याला एकदा दाबतो, त्याआधी घरात ओरडून सांगतो, कॉम्प्युटर बंद करतो. नंतर लिव्हर आधी पूर्ण खाली, मग वर. लाइट असूनही पडला नाही तर दाबत बसू नका, ब्रेकर बदला.

बटणाचा दुसरा उपयोग मला जास्त पटला. ते पाडल्यावर लगेच लिव्हर वर करू नका, घरभर फिरा. पंखे, फ्रिज, गिझर, एसी, किचनमधले सगळे पॉइंट बंद झालेत का बघा. आमच्या बेडरूमचा एसी सुरूच होता! कुणीतरी कधीकाळी त्याची लाइन मेन स्विचवरून थेट ओढली होती. त्या खोलीतल्या जास्त लोडच्या प्लगलाही तीच लाइन, आणि तिथेच मुलगी लॅपटॉप लावते. ती लाइन ब्रेकरच्या खाली आणायला वायरमनची अर्धी सकाळ गेली, कारण न्यूट्रलही त्याच ब्रेकरमधून घ्यावी लागते, नाहीतर ब्रेकर उगाचच पडत राहतो.

बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही आणि किती मिलिसेकंदात पडला तेही कळत नाही. त्यासाठी वायरमनकडे टेस्टर असतो: १५ मिलिअँपिअरला पडू नये, ३० ला पडावा, वेळ पडद्यावर दिसते. काही जण फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून ‘टेस्ट’ करतात. १०० वॅटच्या बल्बमधून चारशेच्या वर मिलिअँपिअर जातात. ब्रेकर चालू असेल तर पडेल. तो बिघडलेला असेल आणि अर्थिंगही तुटलेलं असेल तर मात्र फ्रिजपासून गिझरपर्यंत सगळ्या धातूच्या पेट्यांवर फेज येईल. हे घरी करू नका.

मर्यादा दोन. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर गेलेला करंट सगळा परत येतो, ब्रेकरला फरक दिसतच नाही. आणि पायात रबरी चप्पल असेल तर चार्जरचा झटका पाच-सात मिलिअँपिअरचा बसू शकतो, हात झटकला जातो पण ब्रेकर पडत नाही. तेव्हा ब्रेकरला दोष देऊ नका, चार्जर फेकून द्या. चार्जर घेताना त्यावर बीआयएसचा आर- ने सुरू होणारा आठ आकडी नंबर आहे का ते बघतो. नसेल तर कितीही फास्ट चार्जिंग लिहिलेलं असो, घेत नाही.

तक्रार एकच. जुलैच्या मुसळधार पावसात बाल्कनीच्या बाहेरच्या दिव्यात पाणी शिरलं आणि आम्ही दोन दिवस गावी असताना ब्रेकर पडून राहिला. फ्रिजमधलं सगळं गेलं. आता बाल्कनीच्या लाइनला वेगळा आरसीसीबी बसवून घेतोय, तोही टाइप ए.