फ्लो मीटरच्या टोटलायझरमध्ये काहान बेरीज: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पाण्याच्या फ्लो मीटरमध्ये कॉर्टेक्स-एम4 कंट्रोलर आहे. त्याचं हार्डवेअर फक्त 32 बिटी फ्लोट हाताळतं, डबल वापरलं की सगळं गणित सॉफ्टवेअरमधून होतं आणि वेग पडतो. दर 100 मिलिसेकंदांनी प्रवाह मोजायचा आणि तेवढं पाणी एकूण बेरजेत मिळवायचं, एवढंच टोटलायझरचं काम. गेले काही महिने ही बेरीज काहान पद्धतीने चालू आहे. आता ती काढून टाकायचा विचारही मनात येत नाही.

आधी साध्या बेरजेचं काय होतं ते बघा. प्रवाह सेकंदाला 1 लिटर धरला, तर दर वेळी 0.1 लिटर मिळवायचे. 1 कोटी वेळा मिळवल्यावर, म्हणजे साधारण साडेअकरा दिवसांनी, उत्तर 10 लाख लिटर यायला हवं. 32 बिटी फ्लोटमध्ये येतं 1087937. जवळपास 9 टक्के जास्त!

याचं कारण फ्लोटच्या रचनेत आहे. त्यात 24 बिट अचूकता असते, त्यामुळे आकडा मोठा होत गेला की शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतरही वाढतं. 10 लाखाच्या आसपास हे अंतर 0.0625 असतं. 0.1 त्यात नेमका बसत नाही, जवळच्या पायरीवर जातो आणि दर वेळी 0.125 मिळवले जातात. चूक सतत एकाच दिशेने होते, म्हणून साचत जाते. पुढचा प्रकार आणखी वाईट. बेरीज 2097152 ला पोचली की अंतर 0.25 होतं, 0.1 त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून बेरीज हलतच नाही. त्याच प्रवाहात सुमारे 21 दिवसांत मीटर तिथे अडकतो. पाणी वाहत असतं, आकडा मात्र तोच.

विल्यम काहान यांनी 1965 मध्ये मांडलेला उपाय चार ओळींचा आहे:

```c
float y = x - c;
float t = sum + y;
c = (t - sum) - y;
sum = t;
```

राऊंडिंगमध्ये जे जास्त किंवा कमी गेलं ते `c` मध्ये जपायचं आणि पुढच्या वेळी वळतं करायचं. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. बेरीज नेमकी 1000000 आहे आणि `c` शून्य आहे असं धरून पाच पायऱ्या कागदावर करून बघा. पहिल्या 0.1 ला बेरीज 0.125 ने वाढते, `c` मध्ये 0.025 राहतात. दुसऱ्या वेळी त्यामुळे 0.075 च मिळवायचे असतात, बेरीज 0.0625 ने वाढते आणि `c` होतो उणे 0.0125. असंच पुढे गेलं की पाचव्या पायरीला बेरीज 1000000.5 आणि `c` पुन्हा शून्य. साधी बेरीज तिथे 1000000.625 दाखवते. 1 कोटी पायऱ्यांनंतर काहानचं उत्तर 1000000 येतं.

एका बेरजेऐवजी चार क्रिया होतात, पण सेकंदाला दहा वेळा करायच्या कामात हा खर्च जाणवतही नाही.

खरी काळजी कंपायलरची घ्यावी लागते. `-ffast-math` चालू असेल तर बीजगणिताच्या नियमाने `(t - sum) - y` म्हणजे शून्य असं ठरवून तो `c` चं गणितच उडवू शकतो. `-Ofast` मध्येही हाच पर्याय आत दडलेला असतो. कुठलाही इशारा येत नाही, प्रोग्राम व्यवस्थित चालतो, फक्त उत्तर साध्या बेरजेचं येतं. म्हणून 0.1 एक कोटी वेळा मिळवायची चाचणी मी प्रत्येक बिल्डला लावली आहे. 1087937 दिसलं की भरपाई उडाली हे लगेच कळतं. ही फाईल वेगळ्या पर्यायांनी, `-fno-fast-math` लावून कंपाईल करणं मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

दुसरी गोष्ट वीज जाण्याची. फ्लॅशमध्ये `sum` सोबत `c` पण लिहावा. बेरीज 2 कोटी लिटरच्या पुढे गेली की पायरीच 2 लिटरची असते, तेव्हा जवळजवळ 1 लिटरपर्यंतचं पाणी एकट्या `c` मध्ये असू शकतं. वारंवार वीज जाते तिथे ते दर वेळी हरवेल.

आमच्याकडे बेरीज नेहमी नव्या आकड्यापेक्षा मोठीच असते, म्हणून मूळ काहान पुरतो. नवा आकडा बेरजेपेक्षा मोठा येऊ शकत असेल तर मात्र नॉयमायर यांची 1974 ची सुधारणा घ्या. 1, 1e100, 1, -1e100 यांची बेरीज डबलमध्ये काहान 0 देतो, नॉयमायर 2. पायथन 3.12 पासून `sum()` फ्लोटसाठी अशीच भरपाई करतं, आणि संगणकावर महिन्याचा हिशोब जुळवताना मी `math.fsum` वापरतो.

मीटर ठरावीक लिटरमागे एक पल्स देत असेल तर यातलं काहीच नको, पूर्णांकात पल्स मोजा. आणि सेन्सरचा शून्य सरकला असेल, पाणी बंद असताना तो थोडा प्रवाह दाखवत असेल, तर काहान ती चूकही तितक्याच इमानदारीने मिळवत राहतो. त्यासाठी कॅलिब्रेशनच करावं लागतं.