लहान बेडवर मोठी कमान: डव्हटेल की खुंटी?

घरच्या गणपतीसाठी थ्रीडी प्रिंटरवर कमान छापायची होती. बाहेरून रुंदी ४२० मिलिमीटर, पट्टीची रुंदी ६०, जाडी १२. दोन्ही बाजूंना २०० मिमी उंच खांब आणि त्यांवर अर्धगोल. प्रिंटरचा बेड मात्र १८० बाय १८०. म्हणजे तुकडे करणे ठरलेलेच होते. अडले होते ते सांध्यापाशी: डव्हटेल कापायचे, की खुंट्या घालून चिकटवायचे? मी दोन्ही करून पाहिले आहे. तुम्ही याच वळणावर असाल तर पुढचे तुमच्यासाठी.

आधी तुकडे किती ते बघू, कारण सांध्याची निवड त्यातही लुडबुड करते. अर्धगोलाचे चार समान भाग केले तर प्रत्येक तुकड्याची लांबी साधारण १६१ मिमी भरते. डव्हटेलची शेपटी १० मिमी बाहेर येते, ती धरून १७१. बेडवर बसते. पण चार भाग केले की एक सांधा बरोबर कमानीच्या माथ्यावर येतो. नजर तिथेच जाते आणि हाराची दोरीही तिथेच बांधली जाते. म्हणून मी पाच भाग केले. प्रत्येक भाग ३६ अंशांचा, लांबी १३० मिमी, शेपटीसह १४०. माथा अखंड राहिला.

खांबांपाशी मोह होतो की २०० मिमीचा तुकडा बेडवर तिरका टाकून बसवावा. तिरक्या आयतासाठी सोपा हिशेब आहे: लांबी आणि रुंदी मिळवा आणि १.४१४ ने भागा. २०० अधिक ६० म्हणजे २६०, भागल्यावर १८४. बेड १८०. चार मिलिमीटरने हुकले. शेवटी प्रत्येक खांबाचे दोन भाग केले. एकूण नऊ तुकडे, आठ सांधे.

डव्हटेल: ओढ सोसते, पण एका दिशेला मोकळे असते

डव्हटेलची शेपटी मानेशी अरुंद आणि टोकाशी रुंद असते. माझ्या कमानीत मान २० मिमी आणि टोक ३१ मिमीच्या आसपास आहे. दोन तुकडे लांबीच्या दिशेने ओढून पाहा, सुटत नाहीत, कारण रुंद टोक अरुंद मानेतून बाहेर येऊ शकत नाही. गोंदाचा थेंब न लावता ही पकड मिळते. दहा दिवसांनी कमान उतरवून नऊ तुकडे एका खोक्यात भरायचे असतील, तर हा गुण फार मोलाचा.

ही ताकद खरोखर मिळावी म्हणून तुकडा बेडवर आडवा, पाठ खाली आणि नक्षी वर अशा स्थितीत छापावा. मग शेपटीचा आकार प्रत्येक थरात पूर्ण काढला जातो आणि प्लास्टिकच्या रेषा मानेतून टोकापर्यंत सलग जातात. तोच तुकडा उभा छापला आणि शेपटी वर आली, तर थर मानेला आडवे पडतात. मग ओढ बसली की मान दोन थरांमध्ये तुटते. तुटलेली जागा गुळगुळीत आणि सपाट दिसली, तर समजा की प्लास्टिक फाटलेले नाही, थर सुटले आहेत. अशा वेळी इन्फिल वाढवून फारसे काही साधत नाही, तुकड्याची दिशाच बदलावी लागते.

आता उणी बाजू. आडव्या तुकड्यात शेपटी जाडीच्या दिशेने सरकवून बसवायची असते, म्हणून त्या दिशेला तिला फक्त घर्षण धरून ठेवते. सरकायचे तर फट हवीच. मी दोन्ही बाजूंना ०.१५ मिमी ठेवली, म्हणजे एकूण ०.३. कमानीच्या प्रतलात ही फट जाणवत नाही, कारण ६० मिमी रुंद खांदे एकमेकांवर टेकतात. पुढे-मागे मात्र टेकायला फक्त १२ मिमी जाडी मिळते. ०.३ भागिले १२ म्हणजे एका सांध्याला जवळपास दीड अंशाचा हेलकावा. आठ सांध्यांचा हेलकावा साचत जातो आणि उभी केलेली कमान माथ्याशी पुढे झुकते. माझी झुकली. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी कमानीच्या वळणावर वाकवून पाठीमागे दोन-दोन स्क्रूंनी बसवली, तेव्हा ती सरळ उभी राहिली. डव्हटेल निवडत असाल तर या पट्टीची भोके पहिल्यापासून मॉडेलमध्येच ठेवा.

दुसरी गोष्ट नजरेची आहे. डव्हटेलची वेडीवाकडी रेघ समोरच्या पृष्ठभागावर उमटते. भौमितिक नक्षी असेल तर ती त्यात सामावून जाते, लाकडी सांध्यासारखी शोभतेही. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र ती लपत नाही. पुट्टी भरून घासावे तर सांधा कायमचा बंद होतो, आणि मग डव्हटेल कशासाठी केले होते?

खुंटी: जागा नेमकी देते, पकड गोंद देतो

खुंटीकडून नेमके काय मागायचे हे इथे आधी ठरवावे. ती दोन तुकडे एका रेषेत आणते आणि बाजूने सरकू देत नाही. ओढ थोपवणे तिचे काम नव्हे, ते गोंदाचे. म्हणून खुंटीचा सांधा म्हणजे एकदाच जोडायचा सांधा.

सर्वांत जास्त चूक होते ती तुकड्यासोबतच छापलेल्या खुंटीत. कापलेली बाजू बेडवरून वर तोंड करून असते, त्यामुळे खुंटी उभी छापली जाते आणि तिचे थर आडवे येतात. बसवताना जरा कलली की बुडाशी मोडते, आणि तिचे टोक समोरच्या भोकात अडकून राहते. त्यापेक्षा दोन्ही तुकड्यांना भोके ठेवा आणि खुंट्या वेगळ्या, आडव्या झोपवून छापा. गोल खुंटी झोपवली की खालून बसकी येते, म्हणून षट्कोनी किंवा चौकोनी आकार बरा. १२ मिमी जाडीत ६ मिमीची खुंटी आणि ६.२ मिमीचे भोक घेतले, तर दोन्ही बाजूंना जवळजवळ ३ मिमीची भिंत उरते. तेवढी पुरते. खुंटीची लांबी २० मिमी ठेवली तर प्रत्येक भोक १०.५ मिमी खोल करा, म्हणजे तळाशी गोंदाला जागा राहते आणि दोन तुकड्यांमध्ये फट उरत नाही. प्रत्येक सांध्याला दोन खुंट्या हव्यातच, एकीभोवती तुकडा फिरतो. लहान सांध्यात १.७५ मिमीच्या फिलामेंटचाच तुकडा २ मिमीच्या भोकात घातला तरी काम भागते.

चिकटवायला फेविक्विकसारखा झटपट गोंद पीएलएवर चांगला धरतो, पण सांधा ठिसूळ राहतो आणि जुळवून घ्यायला फार वेळ मिळत नाही. दोन नळ्यांचा इपॉक्सी फट भरतो आणि चुकलेला कोन सुधारायला काही मिनिटे देतो. आठ सांध्यांच्या कमानीसाठी मी इपॉक्सीच सुचवेन, कारण एका सांध्यातली जरा चूक टोकापर्यंत वाढत जाते. तुकडे सपाट फळीवर बटर पेपर अंथरून त्यावर जोडले की पुढे-मागे झुकण्याचा प्रश्नच येत नाही. डव्हटेलचा जो मोठा दोष, तो इथे गोंद सुकताच संपतो. बदल्यात ४२० मिमीची अखंड कमान वर्षभर ठेवायला जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात हे साधे दुखणे नाही.

त्याच मखरात खांबांवर बसवायला मोर होते, २४० मिमी उंच. तिथे डव्हटेलचा विचारही केला नाही. गोल मानेत शेपटी कापली तर ती दोन्ही बाजूंनी पिसांमधून बाहेर डोकावते आणि बसवताना सरळ सरकायला वाटही मिळत नाही. मानेवरची पिसे जिथे संपतात त्या कडेवर सपाट काप घेतला आणि आत ८ मिमीची एकच चौकोनी खुंटी घातली. चौकोनी असल्यामुळे मान फिरत नाही, आणि सांध्याची रेघ पिसांच्या कडेतच मिसळून जाते.

स्लायसरमध्ये कापताना

प्रुसास्लायसरच्या २.६ आवृत्तीपासून कट टूलमध्ये जोड घालता येतात आणि २.७ पासून डव्हटेलही. दोन्ही २०२३ मधल्या. मॉडेल निवडून `C` दाबले की टूल उघडते. `Plug` म्हणजे तुकड्यालाच चिकटलेली खुंटी, `Dowel` म्हणजे वेगळी छापायची. वर सांगितलेल्या कारणाने `Dowel` घ्या. डव्हटेलमध्ये `Flap Angle` म्हणजे शेपटीच्या बाजूंचा उतार, मी तो ६० अंश ठेवला. `Groove Angle` ने खाच एका टोकाकडे किंचित निमुळती होते, त्यामुळे शेपटी शेवटच्या टप्प्यात आवळते. लांब सांध्यात हे फार उपयोगी, पण १२ मिमी जाडीत त्याला वाव थोडा. खाच जाडीच्या दिशेने जाते ना, हे काप मारण्याआधी मॉडेल फिरवून डोळ्यांनी पाहून घ्या. ती ६० मिमीच्या रुंदीतून गेली तर शेपटी अवघ्या १२ मिमीत कोंबली जाते आणि खाचेच्या भिंती कागदासारख्या पातळ होतात.

फट किती ठेवायची याचा आकडा माझ्याकडून जसाच्या तसा घेऊ नका, तो प्रिंटरगणिक बदलतो. एका सांध्यापुरता भाग कापून ०.१, ०.१५ आणि ०.२ अशा तीन फटींनी छापा आणि बसवून पाहा. शेपटी तोंडाशीच अडते, पण खालची कड कटरने तासली की सुरळीत आत जाते, असे झाले तर दोष फटीचा नाही. पहिला थर बेडवर दाबला जाऊन पसरला आहे. `Elephant foot compensation` ०.२ च्या आसपास ठेवून पुन्हा छापा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच घट्ट असेल तर फट वाढवा. पीईटीजीमध्ये मला पीएलएपेक्षा थोडी जास्त फट लागली, आणि झटपट गोंद त्याच्यावर कमी धरतो हेही खुंटीवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

मी कमान डव्हटेलची केली आणि मोर खुंटीचे. कमान दरवर्षी सुटी होते, मोर होत नाहीत. मोठा सण असला, कमान मंडळाची असली, कायम एका जागी उभी राहणार असली, तर मी तीही खुंट्या आणि इपॉक्सीनेच जोडली असती.

उतरवल्यावर तुकडे जोडलेले ठेवू नका. पीएलए साठ अंशांच्या जवळ मऊ पडते, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून ताणाखाली हळूहळू सरकू लागते. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये आवळून बसलेली शेपटी भाद्रपदापर्यंत सैल झालेली सापडते. मी प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मॉडेलमध्येच आकडा कोरला आहे, डाव्या खांबापासून एक ते नऊ, आणि तुकडे सुटे करून वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवतो.