नव्या सहकाऱ्याला बडीचा पहिला मेसेज: तीन मसुद्यांतला कोणता पाठवायचा?

एचआरचा मेल आला, ‘सोमवारी नवीन जॉइनर येत आहेत, तुम्ही त्यांचे बडी’, की पहिला प्रश्न पडतो तो मेसेजचा. काय लिहायचं, किती लिहायचं, आणि ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत मी काही वर्षं हे बडीचं, म्हणजे नव्या माणसाला सुरुवातीला सोबत करण्याचं काम करतोय. लोक सहसा तीन पद्धतींनी लिहितात. तिन्ही एकाच प्रसंगावर तपासू, म्हणजे निवडणं सोपं जाईल.

प्रसंग असा. नाशिकहून एक अनुभवी बाई टेस्टिंग टीममध्ये येताहेत, वय चाळीसच्या आसपास. नागपूर नवीन. खोली हिंगणा रोडवर लोकमान्य नगरजवळ घेतली आहे, ऑफिस मिहानमध्ये. महिना मे. बडी त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान आणि पुरुष आहे. मेसेज शुक्रवारी जाणार, जॉइनिंग सोमवारी.

पहिला मसुदा: समारंभी

> सुस्वागतम! आपले आमच्या परिवारात हार्दिक स्वागत आहे. आपल्या अनुभवाचा टीमला निश्चितच लाभ होईल. कोणतीही अडचण असल्यास निःसंकोच संपर्क साधावा. पुढील वाटचालीस शुभेच्छा!

दुसरा मसुदा: सलगीचा

> हाय! मी तुझा बडी 😊 तुझी प्रोफाइल बघितली, मस्त फोटो आहेत गं. मूळची कुठली? घरी कोण कोण असतं? रविवारी फ्री असशील तर ये, तर्री पोहे खाऊ घालतो. आपला मॅनेजर जरा कडक आहे, पण मी आहे ना, सगळं सांगेन तुला.

तिसरा मसुदा: कामाचा

> नमस्कार (नाव)जी. मी (नाव), टेस्टिंग टीममध्ये आहे. सोमवारपासून मी तुमचा बडी. तुमचा नंबर एचआरनं दिला.
>
> सोमवारी रिपोर्टिंग 9.30 ला आहे, पण गेटवर पास बनायला वेळ लागतो, म्हणून 9.10 पर्यंत पोचा. मूळ आधार किंवा पॅन हाताशी ठेवा. गेटचं लोकेशन खाली पाठवतोय.
>
> लोकमान्य नगरहून ॲक्वा लाइननं सीताबर्डी, तिथं बदलून ऑरेंज लाइननं खापरी. खापरी स्टेशनबाहेर 8.45 ला आपली बस असते.
>
> लॅपटॉप दुपारपर्यंत मिळतो, तोवर कागदपत्रंच चालतात. 1 वाजता जेवायला मी तुमच्या जागेवर येतो. खाण्यात काही टाळत असाल तर तेवढं कळवा. पगार, पीएफ आणि रजेचे प्रश्न मात्र एचआरकडेच विचारा, माझी माहिती जुनी असू शकते.
>
> लगेच उत्तर द्यायची गरज नाही. सोमवारी भेटू.

माझं मत तिसऱ्याच्या बाजूनं आहे. पण तो का बरा, हे नीट कळलं नाही तर पुढच्या वेळी हाच मेसेज जसाच्या तसा चिकटवला जाईल, आणि मग तोही समारंभीच होईल.

सगळ्यात आधी संबोधन. मराठीत पहिल्याच वाक्याच्या क्रियापदावरून नातं ठरतं, त्यामुळे हा मुद्दा टाळता येत नाही. पहिल्या मसुद्यातलं ‘आपले’ आणि ‘साधावा’ माणसाला मंचासमोर बसवतं. सभेच्या निमंत्रणात ते शोभतं, पण रोज शेजारी बसणाऱ्याच्या तोंडी नाही. दुसऱ्यातलं ‘तू’ आणि ‘गं’ हे परवानगी न घेता घरात शिरण्यासारखं आहे, त्यात समोर वयानं मोठी आणि अनोळखी बाई. मी नेहमी ‘तुम्ही’नं सुरुवात करतो, अगदी बावीस वर्षांचा फ्रेशर असला तरी. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं सहज होतं. चार दिवसांनी तोच म्हणतो, ‘मला तू म्हणा ना.’ उलट ‘तू’ म्हणून झाल्यावर ‘तुम्ही’ म्हणायला गेलं की कोणाला तरी राग आलाय असंच वाटतं.

नावापुढे काय लावायचं, यात नागपूरला एक सोय आहे. ‘जी’ इथं सगळ्यांना लागतो आणि त्यात ना चढण ना उतार. ‘मॅडम’नं हुद्द्याचा वास येतो. ‘ताई’ गोड आहे, पण ते नातं आहे आणि ते त्यांनी स्वीकारलेलं नाही. चाळिशीतल्या बाईंना ‘ताई’ म्हणताना आपण त्यांच्या वयावरही बोट ठेवतो. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानंच हाक मारत असतील, तर ते मेसेजमध्ये सांगायला हरकत नाही, म्हणजे सोमवारी त्यांना चाचपडावं लागत नाही. आणि एचआरकडून कळलं की माणूस रायपूर किंवा छिंदवाड्याकडचा आहे, तर मेसेज सरळ हिंदीत लिहावा.

दुसऱ्या मसुद्यातले प्रश्न मला ‘तू’पेक्षा जास्त खटकतात. ‘मूळची कुठली?’ हा प्रश्न आपण गप्पांची सुरुवात म्हणून विचारतो. पण आपल्याकडे गाव आणि आडनाव एकत्र आलं की पुढचा हिशोब कोणीतरी मनात करतंच, आणि ज्याला तो आयुष्यभर सोसावा लागला आहे त्याला पहिल्याच मेसेजमध्ये तो ऐकू येतो. ‘घरी कोण कोण असतं?’ हा बाईला विचारला की लग्न, मुलं, सासर, सगळंच विचारल्यासारखं होतं. ‘व्हेज की नॉनव्हेज?’ तसाच. म्हणून तिसऱ्यात फक्त ‘खाण्यात काही टाळत असाल तर’ एवढंच आहे. कांदा-लसूण असो, उपवास असो, शेंगदाण्याची ॲलर्जी असो, ज्याला सांगायचंय तो सांगेल. कारण द्यावं लागत नाही.

प्रोफाइल पाहिली असेल तर तीही बोलून दाखवू नये. मॅनेजरबद्दलचं वाक्य तर काढून टाकाच. बडी हा मॅनेजरचा दुभाष्या नाही. शिवाय ते वाचून माणूस सोमवारी मॅनेजरला भेटायच्या आधीच घाबरलेला असतो.

पहिल्या मसुद्यात अपमान कुठेच नाही, पण उपयोगही कुठेच नाही. ‘निःसंकोच संपर्क साधावा’ हे वाक्य आपल्याला मोकळं करतं आणि संकोच समोरच्याच्या गळ्यात टाकतं. नवा माणूस पहिल्या दिवशी फोन करत नाही, कारण कोणता प्रश्न विचारण्यासारखा आहे हेच त्याला कळत नसतं. त्याऐवजी ‘1 वाजता मी तुमच्या जागेवर येतो’ म्हटलं की विचारायची जागा आणि वेळ दोन्ही ठरतात. भेटी ठरवून घेण्याला आकड्यांचाही आधार आहे. मायक्रोसॉफ्टनं बडीचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2019 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आले. पहिल्या 90 दिवसांत बडीला निदान एकदा भेटलेल्यांपैकी 56 टक्के लोक म्हणाले की बडीमुळे कामात लवकर रुळलो. आठपेक्षा जास्त वेळा भेटलेल्यांत हे प्रमाण 97 टक्के होतं. म्हणून मेसेज कितीही छान असला तरी त्यात पुढच्या भेटीची वेळ नसेल तर तो अपुरा आहे.

आता लांबीबद्दल, कारण यात मी स्वतः चूक केली होती. सुरुवातीच्या काळात मी एकाला चौदा मुद्द्यांचा मेसेज पाठवला होता: वायफाय, कँटीनची कुपन, रजेचे प्रकार, टीममधल्या सगळ्यांची नावं. गेटची माहिती अकराव्या मुद्द्यात होती. त्यानं पहिली स्क्रीन वाचली, ‘थँक्स’ लिहिलं आणि सोमवारी मॅपवर कंपनीचं नाव टाकून निघाला. मॅपनं त्याला इमारतीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथल्या गेटमधून फक्त माल जातो. तिथून पुढच्या गेटपर्यंत तो भर उन्हात चालत आला, तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि ओळखपत्राच्या फोटोसाठी त्याला तसंच उभं राहावं लागलं. तो काही बोलला नाही. पण त्या कार्डावरचा फोटो मी दोन वर्षं रोज पाहिला.

तेव्हापासून नियम एकच: सोमवारी दुपारी एकपर्यंत जे लागेल तेवढंच लिहायचं. बाकीचं जेवताना. आणि लोकेशन पाठवायचं ते नावानं शोधून नाही, तर गेटवर उभं राहून टाकलेली पिन. मॅप बरेचदा इमारतीच्या मधोमध नेतो, दारापाशी नाही. सेझमधल्या इमारतीत ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत आणि मेमध्ये पारा 45 च्या घरात असतो, म्हणून एका चुकीच्या गेटची किंमत इथं जास्त आहे.

तिसऱ्या मसुद्यातही एक उणीव आहे: उन्हाचं काहीच लिहिलेलं नाही. नाशिकहून येणाऱ्या माणसाला इथल्या मेचा अंदाज नसतो. ‘पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत असू द्या, सकाळी नऊलाही ऊन लागतं’ एवढी ओळ मी घालेन. ही ओळ मायेची आहे, तरी कोणाच्या खासगी गोष्टीत शिरत नाही. ज्यांना तिसरा मसुदा कोरडा वाटतो त्यांनी ऊब आणायची ती अशा ओळीतून, इमोजीतून नाही. तर्री पोह्यांचं आमंत्रणही वाईट नाही, फक्त ते रविवारचं आणि एकट्यानं भेटायचं नको. पहिल्या आठवड्यात सकाळी सगळी टीम मिळून गेली तर तेच आमंत्रण योग्य होतं.

वेळेचं थोडक्यात. शुक्रवारी दुपारी चार-पाचच्या सुमारास, एचआरचा मेल जाऊन गेल्यावर. रविवारी रात्री दहाला अनोळखी नंबरावरून आलेला मेसेज कोणालाच आवडत नाही. व्हॉट्सॲप की मेल? जॉइनरचा ऑफिसचा मेल आयडी बहुधा सोमवारीच सुरू होतो, त्यामुळे व्हॉट्सॲप सोयीचं, पण नंबर देण्याबद्दल एचआरनं त्यांना विचारलं असेल तरच. विचारलं नसेल तर हाच मजकूर एचआरमार्फत त्यांच्या खासगी मेलवर पाठवावा. टीमच्या ग्रुपमध्ये आधीच ॲड करू नये.

माणूस घरूनच काम करणार असेल तर गेट आणि मेट्रोच्या जागी लॅपटॉपचं कुरिअर, पहिल्या कॉलची लिंक आणि लॉगिन अडलं तर आयटीचा नंबर येतो. ढाचा तोच.

मेसेज लागू पडला की नाही हे उत्तरावरून कळतं. पहिल्या प्रकारच्या मेसेजला हात जोडलेला इमोजी येतो आणि दुसऱ्याला ‘हाहा, ओके’. तिसऱ्याला येतो तो प्रश्न. मागच्या खेपेला असाच मेसेज पाठवला तेव्हा तासाभरानं उत्तर आलं: ‘खापरीची 8.45 ची बस चुकली तर?’ मी लिहिलं, ‘बाहेर ऑटो मिळतो. मला एक रिंग द्या, पास बनवायला मी गेटवर येऊन थांबतो.’