उशिरा येणारे येतच राहतात, मग स्पीकरची ओळख कशी करून द्यायची: ७ महिन्यांचा अनुभव

रावेर-सावद्याकडच्या केळी उत्पादकांसाठी महिन्यातून दोनदा संध्याकाळी साडेसातला वेबिनार घेतो आम्ही, सूत्रसंचालन माझ्याकडे. साडेसातला १५-२० जण असतात, बाकीचे दूध काढून, मोटर बंद करून पावणेआठपर्यंत येत राहतात. आधी मी "अजून पाच मिनिटं थांबूया" म्हणायचो, आणि त्यात वेळेवर आलेलेच निघून जायचे.

आता साडेसातलाच सुरू करतो. पहिल्या मिनिटात विषय आणि व्यवस्था, मग पाहुण्यांची ओळख तीनच वाक्यांत: काय काम करतात, आपल्या पिकाशी काय संबंध, आज कुठला प्रश्न सोडवणार. डिग्र्यांची यादी वाचत नाही, कारण मधेच आलेल्याला अर्धी यादी ऐकून काहीच कळत नाही.

आणि खरा फरक पडला तो एका ओळीने. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूजन्य रोगाच्या वेबिनारला ती अशी होती: "आत्ताच आलेल्यांसाठी सांगतो, आज केळीवरच्या सीएमव्हीबद्दल बोलतोय, सर पाच मिनिटांत सुरू करतील, माईक बंद ठेवा, प्रश्न चॅटमध्ये टाका." दहा सेकंद लागतात. ७:३५ ला एकदा म्हटली, ७:४० ला सरांकडे सूत्रं देण्याआधी परत, दुसऱ्यांदा "पाच मिनिटांत"च्या जागी "आता" आणि लगेच सरांचं नाव. नाव मुद्दाम शेवटी घेतो, म्हणजे त्यांना कळतं की आता आपण बोलायचं. शब्द दोन्ही वेळा जवळपास तेच ठेवायचे, बदलले की आधीच्यांना वाटतं काहीतरी नवीन सूचना आहे. आणि ओळ वाक्य संपल्यावरच घ्यायची, ओळख अर्धी तोडून नाही.

एक चूक बरेच महिने केली, येणाऱ्या प्रत्येकाला "या भाऊ, या" म्हणायचो. मग तेही माईक चालू करून "दादा, आवाज ई ऱ्हायना का?" विचारणार, त्यांना उत्तर देणार, आणि बिचारे पाहुणे नुसते बसून. आता आत येताना माईक आपोआप बंद राहील अशी सेटिंग करून ठेवतो, येण्याची घंटीही बंद, आणि आवाजाचं उत्तर सहकारी चॅटमध्ये देतो.

चॅटचं एक लक्षात ठेवा, आम्ही वापरतो त्यात उशिरा आलेल्याला आधीचे मेसेज दिसत नाहीत. म्हणून सूचना एकदा टाकून भागत नाही, सहकारी दर तीन-चार मिनिटांनी तीच परत पेस्ट करतो. सुरुवातीच्या स्लाइडवरही विषय, वेळ आणि "प्रश्न चॅटमध्ये" मोठ्या अक्षरात असतं, मोबाईलवर वाचता येईल इतकं.

हे सगळं सर बोलायला लागेपर्यंतच चालतं. मावा ही कीड सीएमव्ही कशी पसरवते, रोगट झाड उपटून का टाकायचं हे ते समजावत असताना मधे घुसून ओळ म्हटली तर ऐकणाऱ्यांचा धागा तुटतो, तेव्हा ७:४० नंतर आलेल्यांचं फक्त चॅटवर. पण फोन फुल स्क्रीन केलेल्यांना चॅट दिसतच नाही, त्यांच्यासाठी प्रश्नोत्तरांच्या आधी ती ओळ मी तिसऱ्यांदा म्हणतो.