पासबुक की विचारणांची वही: मंदी-गर्दीचा अंदाज कशावरून बांधायचा?

खानापूरचा एक मुलगा वर्षभरापासून घरूनच डिझाइनची कामं घेतो. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, मिठाईचे बॉक्स, पतसंस्थांचे अहवाल. परवा तो वडगावात माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, जुलैत हात रिकामे, सप्टेंबरात झोप नाही. पुढच्या वर्षी कधी काय येणार, हे बँकेचं पासबुक बघून कळत नाही काय?"

कळतं, पण वेगळंच काहीतरी कळतं. सुरुवातीची चार वर्षं मी पासबुकावरूनच अंदाज बांधत होते. नंतर विचारणांची वही सुरू केली. दोन्ही वापरून झाल्यामुळे त्याला जे सांगितलं, ते इथे लिहिते.

पासबुकाचा मोठा फायदा म्हणजे त्याला मेहनत नाही. नोंदी आपोआप होतात आणि रुपयाचीही चूक नसते. घरभाडं, मुलांची फी, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात जड जाईल, हे पाहायला पासबुकासारखं दुसरं साधन नाही. पण त्यात असते ती पैसे आल्याची तारीख. काम कधी आलं आणि कधी केलं, हे त्यात कुठेच नसतं.

एक काम घेऊ. मिठाईच्या दुकानाचे दिवाळीचे बॉक्स. फोन आला 3 सप्टेंबर 2025 ला. डिझाइन, प्रूफ, कन्नड मजकुराची दुसऱ्याकडून तपासणी, हे सगळं 24 सप्टेंबरपर्यंत चाललं. मग फाइल प्रेसला गेली. 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि माझे पैसे जमा झाले नोव्हेंबरच्या शेवटी. पासबुकाच्या हिशेबाने हे काम नोव्हेंबरचं. प्रत्यक्षात नोव्हेंबरात मी जवळजवळ मोकळी होते.

मार्चमध्ये तर हा घोळ आणखी मोठा होतो. 31 मार्चला हिशेब बंद करायचे म्हणून गिऱ्हाइकं तुंबलेली बिलं भागवतात, त्यामुळे पासबुकात मार्च सगळ्यांत भरलेला दिसतो. तो आकडा बघून मी दोन वर्षं मार्चमध्ये बाहेरगावची कामं नाकारली, 'वर्षअखेरची गर्दी' येईल म्हणून. गर्दी आली ती पैशांची, कामाची नव्हे. आमच्या धंद्यातली आर्थिक वर्षअखेरीची खरी गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरात येते. मार्चचे हिशेब बंद होतात, लेखापरीक्षण होतं आणि सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था अहवाल छापायला धावतात. बेळगावात काय, निपाणीत काय, आणि पलीकडे कोल्हापुरातही हेच.

विचारणांच्या वहीत मी प्रत्येक फोनच्या चार गोष्टी लिहिते: फोन कधी आला, काम काय, गिऱ्हाईक कोणत्या तारखेसाठी धावतंय, आणि काम झाल्यावर किती तास गेले. शिवाय नाकारलेलं कामही लिहिते, आणि माझ्या मते वहीची खरी किंमत तिथे आहे. गर्दीच्या दिवसांत चार फोन आले आणि दोघांना 'जमणार नाही' म्हटलं, तर पासबुकात दोनच कामं दिसतात. पुढच्या वर्षी तुम्ही दोनांचीच तयारी ठेवता. मागणी किती होती हे कळायला परत गेलेली माणसंही मोजावी लागतात.

वहीचा तोटाही सांगते. ती रोज लिहावी लागते, आणि नेमक्या गर्दीच्या आठवड्यात लिहायची राहून जाते. तेव्हा मी फोनच्या कॉल-यादीवरून रविवारी संध्याकाळी भरून काढते. दोन आठवडे उशीर झाला की आठवणीवर लिहिलं जातं, आणि नाकारलेली कामं तर हमखास विसरतात.

वही सुरू केली की पुढचा प्रश्न येतो: नोंदी इंग्रजी महिन्यांनी लावायच्या, की सणापासूनच्या अंतराने? पत्रिका-बॉक्स-बॅनरच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे.

| वर्ष | गुढीपाडवा | गणेश चतुर्थी | लक्ष्मीपूजन |
|---|---|---|---|
| 2024 | 9 एप्रिल | 7 सप्टेंबर | 1 नोव्हेंबर |
| 2025 | 30 मार्च | 27 ऑगस्ट | 21 ऑक्टोबर |
| 2026 | 19 मार्च | 14 सप्टेंबर | 8 नोव्हेंबर |

माझ्या वहीत दिवाळीच्या बॉक्सचे पहिले फोन लक्ष्मीपूजनाच्या साधारण सात आठवडे आधी येतात. 2024 मध्ये ते 13 सप्टेंबरच्या आसपास आले, 2025 मध्ये 2-3 सप्टेंबरला. 2026 ला सात आठवडे मागे मोजले की 20 सप्टेंबर येतो. इंग्रजी महिन्यांवर विसंबलेला माणूस 2025 मध्ये दहा-अकरा दिवस उशिरा जागा झाला असता, आणि 2026 मध्ये अडीच आठवडे आधीच हातातली कामं सोडून वाट बघत बसेल.

आपल्याकडे एक सोय आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे महिना अमावास्येलाच संपतो, त्यामुळे पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. कन्नड गिऱ्हाइकांसाठी वेगळं पंचांग लावावं लागत नाही. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हे अंतरही वरच्या तिन्ही वर्षांत 55 दिवस आहे. अधिक महिना या दोन सणांच्या मध्ये पडला तरच ते वाढतं. 2020 मध्ये अधिक आश्विन आला आणि ते 84 दिवसांवर गेलं होतं.

वही संगणकावर ठेवली असेल तर A रकान्यात फोनची तारीख आणि C रकान्यात सणाची तारीख घाला. मग एवढं पुरतं:

```
=INT((C2-A2)/7)
```

उत्तर येतं ते सणाला उरलेले आठवडे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी या आकड्याने लावल्या की प्रत्येक प्रकारच्या कामाचा पहिला फोन कधी आणि शेवटचा कधी, हे दिसू लागतं.

पण सगळंच तिथीने लावू नका. अहवाल, शाळेची माहितीपत्रकं ही पक्क्या तारखांची कामं आहेत. त्यातही सीमेवरची एक गंमत आहे: कर्नाटकातल्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. चंदगड-गडहिंग्लजकडची एखादी शाळा गिऱ्हाईक असेल तर हे काम एका लाटेऐवजी दोन लाटांत येतं. म्हणून माझ्या वहीत दोन रंग आहेत, निळा पक्क्या तारखांचा आणि केशरी सरकत्या सणांचा. दोन्ही रंग कोणत्या आठवड्यात एकमेकांवर चढतात, हे शोधणं म्हणजेच पुढच्या वर्षाचं नियोजन.

2026 चंच बघा. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती. मंडळांचं काम 26 पर्यंत संपलं आणि मग सहा संस्थांचे अहवाल तीन आठवड्यांत झाले. एका अहवालाला माझे 14 तास जातात, म्हणजे एकूण 84 तास, आठवड्याला 28. मंडळांचं काम शेवटच्या दोन आठवड्यांत 40 तास होतं, आठवड्याला 20. ही दोन्ही कामं पाठोपाठ आली, म्हणून निभावलं. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, आणि ऑगस्टच्या शेवटापासून दोन्ही कामं एकाच वेळी पडतात. 28 आणि 20 मिळून 48 तास. माझ्याकडून आठवड्याला नीट 42 तासच डिझाइन होतं, त्यापुढे प्रूफच्या चुका सुटू लागतात. दोन आठवड्यांत 12 तास जास्तीचे, म्हणजे जवळजवळ एक अख्खा अहवाल.

हे 12 तास जुलैत कसे न्यायचे, इथे पुन्हा दोन वाटा समोरासमोर येतात.

पहिली वाट मंदीत दर उतरवण्याची. 2023 मध्ये 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण होता. तेव्हा मी पत्रिकांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर वीस टक्के सूट दिली. जी गिऱ्हाइकं आली, ती पुढच्या महिन्यात पूर्ण दराने येणारच होती, फक्त लवकर आणि स्वस्तात आली. नवीन कुणी आलं नाही, कारण ज्या घरात लग्न ठरलेलं नाही त्यांना पत्रिका फुकट दिली तरी नको असते. ही मागणी तारखेची असते, दराची नव्हे.

दुसरी वाट काम फोडून पुढे ओढण्याची, आणि माझा कौल तिलाच आहे. अहवालाच्या 14 तासांतले 8 तास मुखपृष्ठ, अध्यक्षांचं मनोगत, संचालकांची पानं आणि तक्त्यांचा साचा यांत जातात. हे जुलैत तयार होऊ शकतं. उरलेले 6 तास आकड्यांचे, ते लेखापरीक्षण झाल्याशिवाय हलत नाहीत. सहापैकी तीन संस्था तयार झाल्या तरी 24 तास जुलैत जातात आणि सप्टेंबरचा तिढा सुटतो. त्यासाठी मी सूट देत नाही. निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि बदल्यात शब्द देते, की 25 ऑगस्टपर्यंत आकडे दिले तर तीन दिवसांत प्रूफ हातात. सचिवांना पाचशे रुपये वाचण्यापेक्षा सभेआधी अहवाल हातात पडणं महत्त्वाचं असतं. एकच काळजी घ्या: त्या संस्थेची निवडणूक तोंडावर असेल तर संचालकांचं पान जुलैत करू नका, सगळे फोटो बदलतात.

महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर दुकानांच्या पोस्ट करून द्यायचा तिसरा मार्गही आहे. जुलैत त्याचा आधार होतो, पण तेच दुकान दिवाळीच्या आठवड्यात तिप्पट पोस्ट मागतं. महिन्याला किती, हा आकडा आधी लिहून घेतला नसेल तर गर्दीत भरच पडते.

आता निवडीचं. तुमची गिऱ्हाइकं तीन-चारच असतील आणि सगळी महिन्याच्या पगारासारखे पैसे देत असतील, तर पासबुक पुरे. वही लिहून वेगळं काही हाती लागणार नाही. कामं सुटी, छोटी आणि सणांना बांधलेली असतील तर वही हवीच, आणि तीही सणाच्या अंतराने लावलेली. पासबुक तरी फेकू नका. काम कधी येणार हे वही सांगते आणि त्याचे पैसे किती आठवड्यांनी येणार हे पासबुक. दोन्हींतलं अंतर माझ्याकडे दिवाळीच्या कामाला आठ ते बारा आठवडे आहे. तेवढ्या दिवसांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय मी बॉक्सची कामं आगाऊ रकमेविना घेत नाही.

एका वर्षाच्या नोंदीवर मात्र फार भार टाकू नका. 7 मे 2024 ला बेळगाव आणि चिक्कोडीत लोकसभेचं मतदान होतं. त्या एप्रिलमध्ये पत्रकांचं इतकं काम आलं की तो महिना वर्षातला सगळ्यांत मोठा ठरला. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. अशा एकदाच येणाऱ्या कामांना मी वहीत चौकट करते आणि बेरजेत धरत नाही. उलट दिशेनेही हेच घडतं: 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्नं नाहीत. पत्रिका लग्नाच्या चार-सहा आठवडे आधी टाकतात, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासूनच फोन कमी होतील. पुढे 2027 ची आखणी करताना हा रिकामा एप्रिल बघून 'लग्नपत्रिकांचं काम संपलं' असं धरून चालाल तर चुकाल.

त्या मुलाला मी एवढंच करायला सांगितलं आहे, की गेल्या वर्षीच्या कॉल-यादीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून जेवढे फोन-निरोप सापडतील तेवढे आधी उतरवून काढ, आणि नाकारलेल्यांपासून सुरुवात कर.